पाच गावांचा नमुना आणि त्रुटी मोजण्याच्या दोन रीती: जॅकनाइफ व बूटस्ट्रॅप

सर्वेक्षणातून आलेला कोणताही अंदाज आपण निवडलेल्या एकाच नमुन्यावर उभा असतो. दुसरी गावे किंवा दुसरी घरे निवडली गेली असती, तर अंदाज थोडा वेगळा आला असता. या फरकाच्या वर्गाची सरासरी किती आली असती, हे सांगणारा आकडा म्हणजे अंदाजाचा व्हेरियन्स, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी. पाठ्यपुस्तकातील सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्यापुरते सरळ असते, पण नमुना स्तरांत विभागलेला, आधी गावे आणि मग घरे असा दोन टप्प्यांत निवडलेला आणि प्रत्येक घराला वेगळा भार असलेला असेल, तर प्रत्येक अंदाजासाठी स्वतंत्र सूत्र मांडत बसणे अवघड होते. अशा वेळी हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नवे नमुने तयार करून अंदाज किती हलतो ते पाहण्याचा मार्ग घेतला जातो. जॅकनाइफ आणि बूटस्ट्रॅप या त्या मार्गाच्या दोन रीती आहेत. पहिलीचा व्हेरियन्ससाठी वापर जॉन टुकी यांनी 1958 मध्ये मांडला आणि अनेक कामांना येणाऱ्या खिशातल्या चाकूचे नाव तिला दिले. दुसरी ब्रॅडली एफ्रॉन यांनी 1979 मध्ये मांडली.

या लेखात एकच छोटे उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. आकडे सरावासाठी रचलेले आहेत आणि मुद्दाम इतके लहान ठेवले आहेत की सगळी गणिते कागदावर करता यावीत. वाचकाने ती खरोखर करून पाहावीत, कारण या दोन रीतींतील फरक सूत्र वाचून जितका कळतो त्यापेक्षा पाच ओळींच्या तक्त्यावर जास्त स्पष्ट होतो.

पायरी पहिली: उलगडायचे एकक ठरवा

समजा, एका तालुक्यात कर्ज असलेल्या कुटुंबांचे प्रमाण काढायचे आहे. गावांचे दोन स्तर केले आहेत. कोरडवाहू स्तरातून तीन आणि बागायती स्तरातून दोन गावे निवडली आहेत, आणि प्रत्येक निवडलेल्या गावातील काही कुटुंबांची मुलाखत झाली आहे. प्रत्येक कुटुंबाचा भार लावून गावनिहाय बेरजा केल्या की पुढील तक्ता मिळतो.

| स्तर | गाव | कर्ज असलेली कुटुंबे (भारित) | एकूण कुटुंबे (भारित) |
|---|---|---|---|
| कोरडवाहू | क | 120 | 300 |
| कोरडवाहू | ख | 150 | 300 |
| कोरडवाहू | ग | 180 | 400 |
| बागायती | च | 200 | 400 |
| बागायती | छ | 260 | 500 |

कर्ज असलेल्या कुटुंबांची अंदाजित संख्या 910, एकूण कुटुंबे 1900, म्हणून प्रमाण 47.9 टक्के. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे प्रमाण दिसायला साधी सरासरी असले तरी त्याचा छेदही नमुन्यावर अवलंबून आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी हलणारे ते एक गुणोत्तर आहे. सर्वेक्षणातील बहुतेक टक्केवाऱ्या अशाच असतात.

आता नमुन्याची पुनर्रचना करताना हलवायचे काय, कुटुंब की गाव? उत्तर गाव असे आहे, कारण पहिल्या टप्प्यात चिठ्ठी गावाची निघाली होती. एका गावातील कुटुंबे एकमेकांसारखी असतात. पाऊस, पीक, पतसंस्था, बाजार सगळे सामाईक असते. कुटुंबे सुटी सुटी वगळली किंवा उचलली, तर प्रत्येक पुनर्नमुन्यात पाचही गावे जवळपास जशीच्या तशी राहतात, अंदाज फारसा हलत नाही आणि प्रमाण त्रुटी खोटी लहान येते. प्रत्येक गावातून पंचवीस कुटुंबे असतील तर नमुना सव्वाशेचा दिसतो, पण व्हेरियन्सच्या दृष्टीने आपल्याकडे पाचच स्वतंत्र नोंदी आहेत. ही चूक झाली आहे का ते ओळखायला सोपी खूण आहे: जॅकनाइफच्या पुनर्नमुन्यांची संख्या मोजावी. ती गावांइतकी असायला हवी; कुटुंबांइतकी आली तर आज्ञावलीला गावाचा स्तंभ सांगायचा राहिला आहे.

पायरी दुसरी: जॅकनाइफ हाताने करा

एक गाव वगळायचे, आणि त्याच स्तरातील उरलेल्या गावांचे भार इतके वाढवायचे की वगळलेल्या गावाची जागा भरून निघेल. कोरडवाहू स्तरात तीनपैकी दोन गावे उरतात, म्हणून त्यांचे भार दीडपट होतात. बागायती स्तरात दोनपैकी एक उरते, म्हणून त्याचा भार दुप्पट होतो. दुसऱ्या स्तराला हात लावायचा नाही.

आधी फक्त 910 ही एकूण संख्या घेऊ. क वगळले तर कोरडवाहू बेरीज 150 अधिक 180 यांची दीडपट, म्हणजे 495, आणि एकूण 955. ख वगळले तर 910, ग वगळले तर 865. च वगळले तर 970 आणि छ वगळले तर 850. म्हणजे मूळ अंदाजापासूनची विचलने कोरडवाहू स्तरात 45, 0 आणि −45, तर बागायतीत 60 आणि −60.

या विचलनांच्या वर्गांची स्तरनिहाय बेरीज करून तिला गावांच्या संख्येपेक्षा एकने कमी भागिले गावांची संख्या या गुणकाने गुणायचे. कोरडवाहूत 4050 गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे 2700. बागायतीत 7200 गुणिले अर्धा, म्हणजे 3600. एकूण व्हेरियन्स 6300 आणि प्रमाण त्रुटी सुमारे 79. पाठ्यपुस्तकातील स्तरित गुच्छ नमुन्याचे सूत्र या तक्त्यावर चालवले तरी नेमके 6300 च येतात. बेरजेसारख्या रेषीय अंदाजासाठी जॅकनाइफ काही नवे सांगत नाही, ते जुनेच सूत्र वेगळ्या वाटेने गाठते. आणि म्हणूनच नव्याने शिकणाऱ्याने आपली आज्ञावली बरोबर चालते की नाही ते तपासायला आधी रेषीय अंदाज घ्यावा.

गुणकाकडे पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे, कारण दोन रीतींचा वैचारिक फरक तिथेच आहे. जॅकनाइफमध्ये आपण वर्गांची सरासरी घेत नाही. जवळजवळ पूर्ण बेरीज घेतो. असे का? जॅकनाइफचे पुनर्नमुने एकमेकांची सख्खी भावंडे असतात: कोणतेही दोन घेतले तरी त्यांत एखाद्या गावाचाच फरक असतो. त्यामुळे प्रत्येक विचलन खऱ्या नमुना-फरकापेक्षा फार लहान असते, आणि ते लहानपण भरून काढण्यासाठी सरासरीऐवजी बेरीज लागते. बूटस्ट्रॅपमध्ये नेमके उलट असते. तिथे प्रत्येक पुनर्नमुना हा स्वतंत्र नमुन्याइतकाच हललेला असावा अशी रचना असते, म्हणून तिथे साधी सरासरी पुरते.

बागायती स्तरात तर गंमत आहे. तिथे दोनच गावे आहेत, आणि व्हेरियन्सचे 3600 म्हणजे 260 व 200 यांच्या फरकाचा, 60 चा, वर्ग. एकाच लोकसंख्येतून दोन स्वतंत्र उपनमुने घेऊन त्यांच्या अंदाजांतील फरकावरून त्रुटी जोखायची, ही कल्पना महालनोबीस यांनी कोलकात्यात बंगालच्या ताग पिकाच्या सर्वेक्षणांत वापरली होती, आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात तीच उपनमुन्यांची पद्धत पुढे आली. नमुन्याच्याच तुकड्यांतून त्रुटी मोजण्याचा विचार संगणकापेक्षा जुना आहे.

पायरी तिसरी: बूटस्ट्रॅप करा, पण साधा नको

बूटस्ट्रॅपची मूळ कल्पना अशी की नमुना हीच लोकसंख्या मानायची, आणि ज्या रीतीने मूळ नमुना निवडला त्याच रीतीने तिच्यातून पुन्हा, परत ठेवून, तितकीच एकके उचलायची. एखादे गाव दोनदा येईल, एखादे येणारच नाही. असे शेकडो वेळा करायचे आणि मिळालेल्या अंदाजांचा व्हेरियन्स पाहायचा.

हे आपल्या तक्त्यावर शब्दशः केले, म्हणजे कोरडवाहूतून तीन व बागायतीतून दोन गावे परत ठेवून उचलली, तर एकूण संख्येचा व्हेरियन्स कोरडवाहूतून 1800 आणि बागायतीतून 1800, मिळून 3600 येतो. बरोबर उत्तर 6300 होते. प्रमाण त्रुटी 79 ऐवजी 60 निघाली, म्हणजे जवळपास चोवीस टक्के कमी. पुनर्नमुने हजार घ्या की लाख, उत्तर सुधारणार नाही, कारण दोष पुनर्नमुन्यांच्या संख्येत नाही.

दोष असा: नमुन्याच्या आतला विखुरलेपणा सरासरीने लोकसंख्येच्या विखुरलेपणापेक्षा थोडा कमी दिसतो, आणि म्हणूनच आपण नमुन्याच्या व्हेरियन्समध्ये गावांच्या संख्येने न भागता तीतून एक वजा करून भागतो. साधा बूटस्ट्रॅप हे विसरतो. शंभर नोंदींच्या साध्या नमुन्यात हा फरक एक टक्क्याचा असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण सर्वेक्षणात स्तर पुष्कळ आणि प्रत्येक स्तरात गावे दोन-तीनच असतात. दोन गावे असतील तर व्हेरियन्स थेट निम्मा होतो, आणि प्रत्येक स्तरात तीच घट होत असल्यामुळे स्तर वाढवून ती भरून निघत नाही. सर्वेक्षणाबाहेरच्या पुस्तकातून बूटस्ट्रॅप शिकून आलेला विद्यार्थी नेमका इथे अडकतो, आणि लहान त्रुटी पाहून खूषही होतो.

जे. एन. के. राव आणि सी. एफ. जे. वू यांनी 1988 मध्ये यावर पुनर्मापनाचा उपाय दिला. त्याचे आज सर्वांत जास्त वापरले जाणारे रूप सोपे आहे: प्रत्येक स्तरातून गावांच्या संख्येपेक्षा एक कमी इतकी गावे परत ठेवून उचलायची, आणि गाव जितक्या वेळा आले तितक्या पटीने, शिवाय स्तरातील गावांची संख्या भागिले एकने कमी संख्या या पटीने, त्याचा भार वाढवायचा. आपल्या कोरडवाहू स्तरात दोन गावे उचलायची आणि भाराची पट 0, 1.5 किंवा 3 होते. बागायतीत एकच गाव उचलायचे, त्याची पट 2, दुसऱ्याची 0.

आपले उदाहरण इतके लहान आहे की यादृच्छिक उचल करण्याचीही गरज नाही. कोरडवाहूत क्रमासह नऊ आणि बागायतीत दोन शक्यता, म्हणजे सगळे मिळून अठराच समसंभाव्य पुनर्नमुने आहेत. कोरडवाहू बेरीज एकदा 360, दोनदा 405, तीनदा 450, दोनदा 495 आणि एकदा 540 येते. तिचा व्हेरियन्स 24300 भागिले 9, म्हणजे 2700. बागायती बेरीज 400 किंवा 520 येते, व्हेरियन्स 3600. पुन्हा 6300. दुरुस्त बूटस्ट्रॅप आणि जॅकनाइफ बेरजेसाठी तंतोतंत जुळले.

पायरी चौथी: आता खरा अंदाज, म्हणजे गुणोत्तर

प्रत्येक पुनर्नमुन्यात अंश आणि छेद दोन्ही नव्याने काढून भागाकार करायचा. छेद 1900 वर गोठवून ठेवणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. जॅकनाइफची पाच गुणोत्तरे क्रमाने 0.4897, 0.4667, 0.4806, 0.4850 आणि 0.4722 येतात. वरचेच गुणक लावले की प्रमाण त्रुटी 0.0149, म्हणजे टक्केवारीत 1.49 इतकी निघते. अठराही बूटस्ट्रॅप पुनर्नमुन्यांची गुणोत्तरे काढून मूळ अंदाजापासूनच्या वर्गांची सरासरी घेतली तर 1.56 येते. टेलर रेषीयीकरणाने, म्हणजे गुणोत्तराला सरळ रेषेने जवळून मोजण्याच्या पद्धतीने, 1.52 येते.

तीन उत्तरे वेगळी आहेत याने घाबरू नये. गुणोत्तर ही वक्र क्रिया आहे. जॅकनाइफ तिला मूळ बिंदूच्या अगदी जवळ चाचपतो, बूटस्ट्रॅप दूरपर्यंत जाऊन चाचपतो, म्हणून वक्रतेचा परिणाम दोघांत वेगवेगळा उमटतो. गावे वाढली की हा फरक विरत जातो. पाच गावांवर 1.49 आणि 1.56 यांत खरे कोणते, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही, कारण व्हेरियन्सचा अंदाज स्वतःच पाच गावांवर आधारलेला, म्हणजे कमालीचा डळमळीत आहे. इथे डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे गावे वजा स्तर, पाच वजा दोन, तीन. त्यामुळे 95 टक्के विश्वास-अंतरासाठी 1.96 नव्हे तर 3.18 हा गुणक लागतो, आणि 47.9 च्या दोन्ही बाजूंना सुमारे 3 नव्हे तर सुमारे 5 टक्क्यांचे अंतर पडते. हजार बूटस्ट्रॅप घेतल्याने डिग्रीज ऑफ फ्रीडमची संख्या हजार होत नाही.

आर या भाषेतील survey पॅकेजवर हेच असे तपासता येईल:

```r
library(survey)
g <- data.frame(star = c(1,1,1,2,2), gaon = 1:5, w = 1,
                y = c(120,150,180,200,260),
                x = c(300,300,400,400,500))
d  <- svydesign(ids = ~gaon, strata = ~star,
                weights = ~w, data = g)
jk <- as.svrepdesign(d, type = "JKn", mse = TRUE)
set.seed(11)
bs <- as.svrepdesign(d, type = "subbootstrap",
                     replicates = 1000, mse = TRUE)
svyratio(~y, ~x, jk)
svyratio(~y, ~x, bs)
```

`mse = TRUE` म्हणजे विचलने पुनर्नमुन्यांच्या सरासरीपासून नव्हे तर मूळ अंदाजापासून मोजायची. वरची हातगणना तशीच केली आहे. `subbootstrap` हा एक कमी गावे उचलणारा राव-वू प्रकार आहे. जॅकनाइफचे उत्तर प्रत्येक वेळी तेच येईल, बूटस्ट्रॅपचे `set.seed` बदलला की थोडे बदलेल. हा बदल किती असावा याचा ढोबळ आडाखा असा: प्रमाण त्रुटीतील सापेक्ष चढउतार सुमारे एक भागिले, पुनर्नमुन्यांच्या दुपटीचे वर्गमूळ. दोनशे पुनर्नमुन्यांना पाच टक्के, हजाराला सव्वादोन टक्के. यापेक्षा बराच जास्त हेलकावा दिसला तर एखाद्या गावाचा भार अवाढव्य आहे का ते पाहावे.

तयार पुनर्भार, म्हणजे प्रत्येक पुनर्नमुन्यासाठी आधीच काढलेले भार, दिलेली विदा वापरत असाल, तर पुनर्भारांचा प्रकार आज्ञावलीला अचूक सांगा. पाचशे बूटस्ट्रॅप पुनर्भारांना चुकून जॅकनाइफ म्हटले तर सरासरीच्या जागी बेरीज घेतली जाते आणि प्रमाण त्रुटी सुमारे बावीस पट होते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. उलट चूक, म्हणजे जॅकनाइफला बूटस्ट्रॅप म्हणणे, त्रुटी लहान करते आणि कोणीच तक्रार करत नाही.

पायरी पाचवी: कोणती रीत कुठे मोडते

बेरीज, प्रमाण, गुणोत्तर, समाश्रयणाचे गुणांक यांसाठी जॅकनाइफ निर्धास्त वापरावा. गणित कमी, उत्तर स्थिर, आणि कोणते गाव वगळल्याने अंदाज सर्वांत जास्त हलला हेही आपोआप दिसते. वर गुणोत्तरात ख गाव वगळल्याने सर्वांत मोठा फरक पडला, तसे. सूत्र मांडणे जिकिरीचे असलेल्या दरांसाठीही तो सोयीचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरासरी व प्रमाणांसाठी टेलर रेषीयीकरण आणि जनन व बालमृत्यू दरांसाठी एकेक गुच्छ वगळणारा जॅकनाइफ वापरतात, त्याचे कारण हेच.

जॅकनाइफ मोडतो तो मध्यकापाशी. साध्या नमुन्यातील दहा कुटुंबांचे मासिक उत्पन्न चढत्या क्रमाने मांडले आहे अशी कल्पना करा. खालच्या पाचांपैकी कोणतेही वगळा, मध्यक सहाव्या आकड्यावर जातो. वरच्या पाचांपैकी कोणतेही वगळा, तो पाचव्यावर येतो. म्हणजे दहा पुनर्नमुन्यांतून दोनच वेगळी उत्तरे मिळतात, आणि हिशेब केला तर प्रमाण त्रुटी पाचव्या व सहाव्या आकड्यांतील अंतराच्या बरोबर दीडपट निघते. ते आकडे 11 हजार आणि 12 हजार असतील तर त्रुटी 1500. 11 हजार आणि 11,200 असतील तर 300. बाकीच्या आठ कुटुंबांचे काय झाले याच्याशी तिला देणेघेणे नाही. नमुना वाढवूनही हा दोष जात नाही, कारण वगळण्याचे पाऊल इतके लहान आहे की मध्यक त्या एका फटीपलीकडे पोहोचतच नाही. पूर्ण गाव वगळल्यावर पाऊल मोठे होते आणि दोष सौम्य होतो, पण भरवसा ठेवावा इतका नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: पुनर्नमुन्यांचे अंदाज छापून पाहा, पुष्कळ अंदाज एकाच आकड्यावर गोळा झालेले दिसले तर ती त्रुटी अहवालात घालू नका. बूटस्ट्रॅप मोठी पावले टाकतो, म्हणून मध्यक, चतुर्थक आणि दारिद्र्यरेषा मध्यकावरून ठरवली असेल तर तिच्याखालचे प्रमाण यांसाठी तो घ्यावा.

दोन अडचणी मात्र दोन्ही रीतींना सारख्याच आहेत. स्तरात एकच गाव असेल तर जॅकनाइफमध्ये भार वाढवायला दुसरे गाव उरत नाही आणि बूटस्ट्रॅपमध्ये शून्य गावे उचलावी लागतात. असा स्तर, निकाल पाहण्याआधी, त्याच्यासारख्या शेजारच्या स्तरात मिसळून घ्यावा. आणि भार जनगणनेच्या बेरजांशी जुळवलेले असतील, तर ती जुळवणी प्रत्येक पुनर्नमुन्यात नव्याने करावी लागते. केवळ मूळ भारांना पट लावून थांबलो, तर जुळवणीने जी अचूकता मिळाली ती त्रुटीत दिसत नाही आणि त्रुटी सहसा गरजेपेक्षा मोठी येते. याशिवाय दोन्ही रीती गावे परत ठेवून निवडली असे धरून चालतात. तालुक्यातील दीडशे गावांतून पाच घेतली असतील तर हे धरणे निरुपद्रवी आहे. दहातून पाच घेतली असतील तर त्रुटी फुगलेली दिसेल, आणि मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती स्वतंत्रपणे करावी लागेल.